पाडव्याच्या ओवाळणीआधी फोडू नये

पाडव्याची दुपार. जेवण करून यशवंता भिंतीशी कलंडतो. डोळा लागतो न लागतो तोच आवाज येतो, "पाटावर बसा की, अहो. निरांजन धरून किती वेळ उभी राहू?"

शालन आहे. तिला जाऊन आठ महिने झालेत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी तो बसतो. पाट इस्लामपूरचा, सासुरवाडीचा. हा त्यांचा पहिला दिवाळसण.

ती सुपारी-अंगठीनं ओवाळते. तो तबकात साडी ठेवतो. सासूबाई देव्हाऱ्यातून पाकीट आणतात. दोन दिवसांपूर्वी टपालानं आलेलं. वर दोस्ताचं, हणमंताचं अक्षर : 'पाडव्याच्या ओवाळणीआधी फोडू नये.'

कारखान्यातल्या दोस्तांची ही रीतच. गड्याच्या पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला शुभेच्छा धाडायच्या. नव्या नवरीनं त्या सगळ्यांसमोर वाचायच्या, मग उखाणा घ्यायचा. वाचून होईस्तोवर जावई पाटावरून उठला, तर त्यानं दोस्तांना डबाभर फराळ दंड म्हणून द्यायचा.

शालन पाकिटातलं कार्ड काढून वाचते,

"जावईबापू, पाटावर बसा जपून,
सासूबाई बघतात दाराआडून.
वहिनी, लाडू याला द्या मोजून,
आमच्या वाटचे ठेवा झाकून."

दाराआड हसू फुटतं. यशवंताही हसतो. मग त्याला शेवटची ओळ आठवते.

"बास कर, शालन."

"का? आत्ता तर कुठं आशीर्वाद लागले." ती वाचत राहते. "लक्ष्मी-नारायणाचा जोडा सुखात राहो. घरात गोकुळ नांदो."

दारापलीकडं माजघर हवं. तिथं दवाखान्याच्या खाटा लागल्यात, आणि सासूबाई त्यांच्यामधून चकल्यांचं ताट घेऊन चालल्यात.

"शेवटची ओळ सोड. उखाणा घे."

"सोडून कसं चालेल? त्यांनी मनापासून लिहिलंय."

तो उठू बघतो. पाय उचलत नाहीत. तबकावरून हात लांब करून तो कार्डावर अंगठा घासतो. निळी शाई पसरते, पण अक्षरं जात नाहीत.

"वहिनी, अखंड सौभाग्यवती भव," शालन वाचते. आता ती खाटेवर बसलीये, कपाळभर कुंकू, हिरवी साडी, शेवटच्या दिवशी बायकांनी नेसवलेली. "बघा, खरं झालं की नाही? सौभाग्यानं गेले मी. सगळ्या म्हणत होत्या, नशीबवान."

"आणि मी?"

ती कार्ड उलटून बघते. मागं तिघा दोस्तांच्या सह्या आहेत फक्त.

"तुमचं त्यांनी काही लिहिलं नाही हो," ती हळूच म्हणते.

"मग तू सांग."

ती तोंड उघडते, बहुतेक उखाण्यासाठी, त्याचं नाव घेण्यासाठी.

खाली कुणीतरी फटाका लावतं. यशवंता भिंतीशी आहे. खोलीत कुणी नाही. ते कार्ड चौदा वर्षांपूर्वी पुराच्या पाण्यात लगदा होऊन गेलं, त्यानंच ते चिखलाबरोबर फावड्यानं बाहेर टाकलं होतं.

तो तोंड पुसायला हात वर करतो. अंगठा निळा झालाय. शाई अजून ओली आहे.