नाव तं देल्लं ना

कामठ्याच्या दुर्गेश्वरी रहांगडालेच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे गोंदियातल्या नर्सिंगच्या हॉस्टेलात सगळ्यांना ठाऊक. ऐकलेलं सांगताना ती असं तिखटमीठ लावते, की ज्याच्यावर प्रसंग गुदरला तोही पुन्हा ऐकायला बसतो. अशा वाचाळ पोरीला दुसऱ्याची वाक्यं उचलल्याबद्दल मॅडमचं बोलावणं यावं, ही खरं तर गंमतच. तिला मात्र रडू येत होतं.

विषय होता अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना होणाऱ्या जखमा. जर्नलमधला एक लेख समोर उघडा ठेवून तिनं इंग्रजीत असाइनमेंट लिहिली होती. ‘पेशंट’च्या जागी ‘सिक पर्सन’, ‘रिड्यूस’च्या जागी ‘डिक्रीज’, असं ओळीमागून ओळ करत गेली. परिच्छेदाखाली लेखकाचं आडनाव आणि वर्षही इमानेइतबारे टाकलं.

“नाव तं देल्लं ना मॅडम,” ती म्हणाली.

“नाव दिलंस, पण वाक्यं त्याचीच राहिली,” निर्मला मॅडम म्हणाल्या. “शब्द तेवढे बदललेस. जसंच्या तसं घ्यायचं तर अवतरणचिन्हात घाल, नाहीतर समजून घे आणि आपल्या वाक्यात लिही. नाव दोन्हीकडे लागतंच. सोमवारी पुन्हा दे. आता चुकलीस तर शून्य, आणि परीक्षेला बसता यायचं नाही.”

खोलीतल्या चंचलनं हे ऐकलं आणि लेख उघडा होता तो लॅपटॉप सरळ मिटला. “आता सांग, का लिवलं हाये त्या लेखात?”

दुर्गेश्वरी मांडी घालून बसली आणि सुटलीच. “एका दवाखान्यात नर्साईनं खाटेले घड्याळाचं चित्र लावलं. पेशंटची कूस कवा बदलाची, ते त्याच्यावर. मंग का, जखमा सफा गायब.”

चंचलनं लॅपटॉप उघडून ताडून पाहिलं. “अवो, कमी झाल्या मनते तो. तेबी एकाच वॉर्डात. गायब तू कोठून आनलं?”

दुर्गेश्वरीला हसू आलं. मग लेख मिटून लिहायचं आणि उघडून ताडायचं, असं तिनं सुरू केलं. लेखकानं दुसऱ्या कुणाचं म्हणणं सांगितलं होतं, तिथं तिनं त्या दुसऱ्याचा मूळ लेख शोधून वाचला. शेवटी संदर्भयादीत दोघांचीही लेखाचं शीर्षक, जर्नल, पानं अशी पुरती ओळख दिली.

सोमवारी मॅडम वाचता वाचता एका वाक्यावर थांबल्या. “एका रुग्णाची पाठ ठीक होती, पण टाच लाल झाली, हे कुणाचं? इथं नावच नाही.”

“कोणाचंच नाही मॅडम. आपल्या वॉर्डातला बुढा होता. सारे पाठ पाहून राहिले होते, मी पाय पाह्यला. पिंडरीखाली उशी देऊन टाच अधर ठेवली.”

मॅडमनी चष्मा काढला. “मग तसं लिही, की वॉर्डात मी स्वतः पाहिलं. रुग्णाचं नाव मात्र नको. बाकी पास आहे. आणि उद्या वर्गात मी हे टाचेचं सांगणार आहे.”

“सांगा ना मॅडम.”

“सांगताना म्हणीन, रहांगडाले, चालू वर्ष.”

हॉस्टेलात पोचताच दुर्गेश्वरीनं हे चंचलला सांगितलं, या वेळी तिखटमीठ न लावता.