एका ओळीचा माणूस

ऑफिसात त्यांना सगळे आजोबा म्हणत. खरं तर वय अठ्ठावन्न, नातवंडं नाहीत, केसही अर्धे काळे. पण बाकी सगळी मंडळी तिशीच्या अलीकडची, त्यामुळे हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आजोबा प्रोग्रामर होते. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांसाठी ही छोटी कंपनी एक सॉफ्टवेअर चालवायची: रक्ताचा नमुना आला, तपासला, रिपोर्ट डॉक्टरांच्या पडद्यावर गेला, एवढं काम. त्यातला जुना आणि किचकट भाग आजोबांच्या अंगवळणी पडलेला.

त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. ते कमी बदलायचे. जिथे दुसरा कुणी पन्नास ओळी लिहील तिथे आजोबा दोन दिवस हाताची घडी घालून बसायचे आणि शेवटी एक ओळ बदलायचे. त्या एका ओळीने काम व्हायचं. म्हणून एक वाईट सवय सगळ्यांना लागली होती: कुणाचाही बदल पुढे जाण्याआधी दुसऱ्या माणसाने तो वाचायचा, असा नियम होता, पण आजोबांचा बदल कुणी उघडूनही पाहत नसे. वर त्यांनी लिहिलेलं वाक्य वाचायचं आणि मंजुरीचं बटण दाबायचं. यात आजोबांना मनातून बरंही वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

गुरुवारी सकाळी दहाला टीमच्या मॅनेजरबाईंनी त्यांना आपल्या टेबलापाशी बोलावलं. बाई मुळात मऊ बोलणाऱ्या, पण आज चेहरा उतरलेला होता.

"आजोबा, मोठ्या रुग्णालयातून सकाळपासून फोन येतायत. नवे रिपोर्ट यादीत वर यायला हवेत, ते जुन्यांच्या खाली जाऊन बसतायत. डॉक्टरांना सापडतच नाहीत. सोमवारपासून चाललंय म्हणे हे."

"सोमवारी माझाच बदल गेला," आजोबा म्हणाले. "पण त्याचा यादीशी काही संबंध नाही. लहान मुलांसाठीची वयाची मर्यादा बाराची चौदा केली. एक ओळ."

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "एक ओळ?"

पडद्यावर त्या फाइलीचा जुना आणि नवा चेहरा शेजारी शेजारी होता. डावीकडे सगळं लाल, उजवीकडे सगळं हिरवं. वर आकडा होता: तीन हजार एकशे बारा ओळी काढल्या, तीन हजार एकशे बारा ओळी घातल्या. म्हणजे अख्खी फाइल. आणि प्रत्येक ओळीसमोर आजोबांचं नाव. गेल्या नऊ वर्षांत ज्या ज्या लोकांनी ती फाइल लिहिली होती, त्यांची नावं पुसून तिथे एकटे आजोबा उरले होते.

"तुम्ही एक म्हणालात म्हणून मी न बघता पुढे जाऊ दिलं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण लागायचं ते लागलं. "अकराला मला वर जाऊन सांगायचंय हे कसं झालं ते. संध्याकाळी पाचनंतर प्रयोगशाळा शांत झाली की तुमचा बदल मागे घेऊ. त्याआधी रुग्णालयवाले परवानगी देणार नाहीत. तोवर जरा आठवून सांगा ना, नक्की काय काय केलंत?"

आजोबा घाबरले होते, आणि ते बाईंमुळे नव्हतं.

आजोबांचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. सत्तावन्नाव्या वर्षी एकदा ते दोन शर्ट एकावर एक घालून शाळेत निघाले. घरच्यांनी हटकलं, तर ठामपणे म्हणाले, एकच आहे. कॉलर धरून दाखवली, दुसरी कॉलर धरून दाखवली, तरी एकच आहे. थापा मारत नव्हते ते. त्यांना खरोखर एकच आठवत होता. तिथून पुढची आठ वर्षं कशी गेली ते आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गेलं वर्षभर किल्ल्या कुठे ठेवल्या हे आठवलं नाही, एखादं नाव जिभेवर येऊन अडलं, की त्यांना ते दोन शर्ट आठवायचे. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. बायकोलाही नाही.

आणि आता एकच ओळ बदलली असं ते ठामपणे सांगत होते, आणि समोर तीन हजार एकशे बारा ओळी होत्या.

जागेवर येऊन त्यांनी तो बदल उघडला. ठरवलं, सगळा वाचायचा. कधीतरी एखाद्या दुपारी आपण ही फाइल नव्याने लिहिली असणार आणि विसरलो असणार. निदान काय लिहिलं ते तरी कळू दे. खणातून त्यांनी पट्टी काढली. हो, पट्टी. पडद्याला पट्टी लावून ओळ वाचायची त्यांची रीत होती आणि त्यावरून त्यांची भरपूर चेष्टाही व्हायची. आज कुणी हसलं नाही. बातमी पसरली होती.

पहिली ओळ. डावीकडे जी, तीच उजवीकडे. दुसरी, तीच. दहावी, तीच. आजोबा शब्द शब्द, कंस कंस, अर्धविराम अर्धविराम वाचत होते. साठाव्या ओळीपर्यंत एका अक्षराचाही फरक सापडेना, आणि तिथे एखाद्या शहाण्या माणसाचा जीव भांड्यात पडला असता. आजोबांचं उलटं झालं. यंत्र म्हणतंय या ओळी वेगळ्या आहेत आणि मला त्या सारख्या दिसतायत! आठवण तर गेलीच, आता समोरचंही दिसेनासं झालं, असं त्यांनी स्वतःशी धरून टाकलं. चारशेव्या ओळीला त्यांनी पट्टी खाली ठेवली.

भीती माणसाला किती मठ्ठ करते ते बघा. हाच माणूस, नवा कुणी कामाला लागला की त्याला खुर्चीत बसवून टाइपरायटरची गोष्ट सांगायचा. दर वेळी तीच, त्याच हातवाऱ्यांसकट.

पलीकडच्या टेबलावर सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर बसायची. प्रत्येक गोष्टीवर शंका काढते म्हणून तिचं नाव पडलं होतं शंकासूर, आणि तिला ते आवडायचंही. आजोबांनी बराच वेळ विचार केला. विचारायची लाज वाटत होती. शेवटी खुर्ची सरकवून त्यांनी तिला आपल्या पडद्यापाशी बोलावलं.

"एक विचारू? हसू नकोस. या दोन ओळींत तुला काय फरक दिसतो?"

शंकासूर वाकून बघत राहिली. "काहीच नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. काहीच नाही. खालच्या ओळीत? नाही. तिच्या खाली? अहो, एकाही ओळीत फरक नाहीये." मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, तुमचे डोळे का भरले?"

"तुलाही दिसत नाही ना," एवढंच त्यांना म्हणता आलं. "मला वाटलं मलाच दिसत नाही."

शंकासुराला यातलं अर्धंच कळलं, पण तिने चौकशी लांबवली नाही. तिच्या डोक्यात तिची नेहमीची शंका शिरली होती. "दिसत नाही, पण आहे. म्हणजे न दिसणारं काहीतरी आहे. तुमचा लॅपटॉप मागच्या आठवड्यात बदलून दिला ना? नव्यावरून हा तुमचा पहिलाच बदल?"

"पहिलाच."

"मग आजोबा, तो टाइपरायटर!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं व्हायची: गाडी ओढून पुन्हा कडेला आणायची आणि कागद एक घर वर सरकवायचा. त्या दोन कामांच्या दोन खुणा संगणकातही आल्या. काही संगणक ओळीच्या शेवटी दोन्ही खुणा लिहितात, काही एकच लिहितात. दोन्ही खुणा डोळ्यांना दिसत नाहीत. आजोबांच्या जुन्या लॅपटॉपवर एक खूण ठेवायची सोय होती. नव्यावरच्या कोड लिहायच्या एडिटरने फाइल जतन करताना न विचारता प्रत्येक ओळीच्या शेवटी दुसरीही घातली. तुलना करणाऱ्या यंत्राचं तरी काय चुकलं? त्याच्या लेखी प्रत्येक ओळ एका न दिसणाऱ्या अक्षराने लांब झाली होती, म्हणून प्रत्येक ओळ नवी.

"मी हे तुला शिकवलंय," आजोबा म्हणाले.

"दोनदा," शंकासूर म्हणाली.

तुलनेच्या पानावर एक पर्याय असतो: मोकळ्या जागेचे फरक सोडून दाखवा. आजोबांनी त्यावर टिचकी मारली. लाल-हिरवा पूर क्षणात ओसरला आणि फाइलीच्या मध्यावर एकच ओळ उरली. बाराच्या जागी चौदा.

शंकासुराचं एवढ्यावर समाधान होणार कसं? तिने फाइलीची दुसरी प्रत घेतली, तिच्यात फक्त ती एक ओळ बदलली, ओळींचे शेवट पूर्वीसारखेच ठेवले आणि दोन्ही प्रतींपासून प्रोग्राम तयार करून घेतले. एकाशेजारी एक लावून तपासले तर दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत हुबेहूब सारखे. या भाषेत प्रोग्राम बनताना ओळीचा शेवट कसा लिहिलाय याने काहीच बिघडत नाही. तीन हजार एकशे अकरा ओळींनी काडीचाही फरक पाडला नव्हता.

मॅनेजरबाई खाली आल्या तेव्हा दोघांनी त्यांना एक ओळ दाखवली. "मी वर जाऊन तुमचं नाव घेऊन आलेय, आजोबा," त्या म्हणाल्या. "उघडून बघितलं असतं तर सोमवारीच विचारलं असतं. चुकलंच माझं." आणि त्या परत जिना चढल्या.

मग सगळे खऱ्या दुखण्याच्या मागे लागले. दुपारी ते सापडलं. प्रयोगशाळेतलं तपासणीचं एक यंत्र रविवारी दुरुस्त झालं होतं आणि तेव्हापासून त्याचं घड्याळ दोन तास मागे होतं. त्याचे रिपोर्ट जन्मतःच दोन तास जुने, म्हणून यादीत खाली. आजोबांनी संध्याकाळी ओळींचे शेवट पूर्ववत केले आणि पुढे कुणाच्याही लॅपटॉपने असा आगाऊपणा करू नये म्हणून कोडसोबत तशी सूचनाही ठेवून दिली. तो बदल बाईंनी उघडून, शेवटपर्यंत वाचून मंजूर केला.

घरी पोचल्यावर त्यांनी चहा टेबलावर यायच्या आत बायकोला सगळं सांगितलं. लाल-हिरवा पडदा, पट्टी, शंकासूर, टाइपरायटर. आणि मग, थांबत थांबत, वर्षभराचंही. किल्ल्या, जिभेवर अडणारी नावं, वडील.

ती ऐकत होती. चहा निवला.

"पण आता सुटलो बघ," आजोबा म्हणाले. "एक म्हणालो होतो, एकच निघाली."

"एका फाइलीने काय कळतं? काहीच नाही. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ, दोघं. ते काय म्हणायचं ते म्हणतील." तिचा आवाज इथवर सरळ होता, मग फाटला. "पण अहो, वर्षभर माझ्या शेजारी झोपत होतात आणि एकटेच घाबरत होतात?"

ती उठून त्यांच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसली.