नाही म्हणायला जागा

धाड गावात तानुबाईंच्या अंगणात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून भुलाबाईची मातीची मूर्ती बसते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी येतात, गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. एरवी त्या घरात तानुबाईंशिवाय कोणी नसतं. मुलगा पुण्याला. त्यानं दिलेल्या मोबाईलवर यंदा त्यांनी पोरींच्या गाण्यांचा व्हिडिओ घेतला आणि यूट्यूबवर टाकला.

दुसऱ्याच दिवशी काजलची आई अन्नपूर्णा फाटकातूनच बोलली, "काकू, खामगावचे भाऊजी फोनवर म्हणतात, पोरीले जगाले दाखवून राह्यले का? आमाले विचारलं काऊन नाही?"

तानुबाईंनी व्हिडिओ लगेच काढला. तरी काजल आली नाही. तिच्यामागं बाकीच्याही थांबल्या. खोबऱ्याच्या वड्या तशाच डब्यात राहिल्या.

आता व्हिडिओच्या सुरुवातीलाच पोरीच्या आईला विचारायचं, म्हणजे परवानगी घेतली हे पाहणाऱ्यालाही कळेल, असं त्यांनी ठरवलं. मोबाईल माठाला टेकवला आणि समोर बसल्या. "सर्व पालकांना नम्र विनंती..." ऐकून पाहिलं, तर ग्रामपंचायतीचा भोंगा. पुसलं. "भुलाबाईसाठी हो म्हण वं माय, मी एकटी बाई..." यात आवाज असा काकुळतीचा की नाही म्हणणारी पापी ठरावी. तेही पुसलं. रिकाम्या अंगणाकडे बघत बराच वेळ बसल्यावर जमलं ते असं:

"बाई, हे गाणं मी यूट्यूबवर टाकीन, कोणीबी पाहू शकते. तुही पोरगी त्यात दिसली तर चालते का? नाही म्हटलं तरी ती खेळाले येऊ दे. हो म्हणून मागून नको वाटलं, तर सांग, मी काढून टाकीन."

मोबाईलवर व्हिडिओ चालू करूनच त्या अन्नपूर्णेच्या दारात उभ्या राहिल्या. तिनं पदर तोंडावर ओढला.

"आधी ते बंद करा काकू. चालू मोबाईलसमोर कोण नाही म्हणते?"

हे तानुबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी मोबाईल बंद करून पिशवीत टाकला आणि जमवलेलं ते बोलणं तिला म्हणून दाखवलं.

"नाही म्हटलं तर राग नाही ना येणार?"

"नाही."

"मंग नाही." अन्नपूर्णा हसली. "पण पोरगी येईन."

तानुबाईंना लागलंच. "बरं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी काजल आली, आणि तिच्यामागून चौघी-पाचजणी. इतर आयांना विचारून होकार घेता आला असता. पण मग काजलला घोळक्यातून बाजूला बसवावं लागलं असतं.

"आजी, मोबाईल?" एकीनं विचारलं.

"घरात आहे. तुम्ही म्हणा."

त्यांनी गाणी म्हटली, डबा हलवून पाहिला, काजलनं करंजी ओळखली. मग एकेकीला घरून हाका आल्या. अंगण मोकळं झालं. तानुबाई भुलाबाईपुढची फुलं गोळा करत होत्या. आत मोबाईलवर पाहायला आज काहीच नव्हतं. त्यांनी उरलेली करंजी मोडून खाल्ली आणि उद्या डब्यात काय ठेवायचं याचा विचार करू लागल्या.