आबांच्या अंगाची खाज

हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. खाज हा काही लिहिण्याचा विषय वाटत नाही. पण त्या दुष्काळी वर्षात आमच्या घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

आबा म्हणजे माझे आजोबा. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. शेतात त्या वर्षी काही उगवलं नाही, म्हणून घर चालत होतं ते एका म्हशीवर. म्हैस हट्टी होती. आबांशिवाय कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची. दूध जायचं गावातल्या सहकारी दूध संस्थेत. तिथं सगळ्यांचं दूध एकाच मोठ्या कॅनमध्ये ओततात. तीच गोष्ट पुढे नडली.

खाज आधी पाठीला सुरू झाली, मग हातापायांना, मग सगळीकडे. अंगावर फोड नाही, चट्टा नाही, पुरळ नाही. फक्त खाज. आबा जेवताना खाजवायचे, बोलताना खाजवायचे. अंथरूण झाडलं की कोंडा उडायचा, आणि चादरीवर रक्ताच्या बारीक रेघा असायच्या. नखांत काळपट काहीतरी साठलेलं. आई ते पाहून भाकरीची परात दुसरीकडे सरकवायची. तिचंही काय चुकलं, मला आजही सांगता येत नाही.

गावानं निदान केलं: खरूज. टँकरचं पाणी, म्हातारा माणूस, आंघोळ होत नसणार. खरं तर आबा उलट करत होते. वाट्याला आलेलं पाणी कढत करून घ्यायचे, कपडे धुण्याच्या साबणानं अंग खसाखसा घासायचे. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग कातडी पांढरी पडायची, ओढल्यासारखी व्हायची, आणि खाज दुपटीनं यायची.

एके दिवशी संस्थेच्या सचिवानं सगळ्यांसमोर आबांची किटली बाजूला ठेवली.

"आबा, राग मानू नका. पण त्या हातानं काढलेलं दूध न्हाई घेता येत. समद्या गावाचं दूध हाय कॅनमध्ये."

मागून कुणीतरी म्हणालं, "दुधासंगं खरूज बी फुकट!" आणि लोक हसले. हसणाऱ्यांत आमच्या घरी चहा पिऊन गेलेले दोघे होते. आबा खाजवणारा हात धोतराच्या घोळात लपवून उभे राहिले. मला किळस आली. आबांच्या अंगाची किळस नव्हती ती.

आबांनी एवढंच विचारलं, "का रे, मी न्हाई पिळलं तर ती पान्हा सोडल का?"

"ते तुमचं तुमी बघा."

सचिव वाईट माणूस नव्हता, असं वडील म्हणायचे. कारण दुसऱ्या दिवशी त्यानंच औषध दिलं. संस्थेत जनावरांसाठी गोचीड मारायचं औषध ठेवलेलं असायचं, पाण्यात मिसळून अंगावर मारायचं. "गोचीड मरती तर खरजेचा किडा मरणार न्हाई का?" वडिलांना हे पटलं. दूधवाल्यांना जनावराच्या औषधावर जेवढा भरवसा असतो तेवढा माणसाच्या डॉक्टरवर नसतो. त्यांनी आबांना गोठ्याशेजारी दगडावर बसवलं आणि म्हशीला पुसायच्या फडक्यानं ते सगळ्या अंगाला चोपडलं.

खाजवून सोललेली कातडी ती. आबा ओरडले नाहीत. "पेटलं रे," एवढंच म्हणाले, पुन्हा पुन्हा. औषधाच्या उग्र वासानं म्हैससुद्धा मागे सरली. पिण्याच्या हंड्यातलं पाणी ओतून ओतून आईनं त्यांचं अंग धुतलं. नंतर आबांना ओकारी झाली.

मी गावाहून बसनं जाऊन-येऊन अंबाजोगाईला कॉलेजात शिकत होते, आमच्या घरातली पहिलीच. घरच्यांना वाटायचं, हिला सगळं कळतं. मला काहीच कळत नव्हतं. फक्त मोठा सरकारी दवाखाना कुठं आहे ते माहीत होतं. मी आबांना तिथं नेलं. भिंतीचे कोपरे पिचकाऱ्यांनी लाल झालेले, बाकाखाली कुणाची तरी रक्ताळलेली पट्टी पडलेली. बाकावरच्या बाईनं आबांना खाजवताना पाहिलं आणि आपलं पोर उचलून ती दुसऱ्या टोकाला गेली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आबांचा हात हातात घेतला. हातमोजे न घालता. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मनगट पाहिलं, पोट पाहिलं.

"घरात आणखी कुणाला खाज आहे?"

"न्हाई," आबा म्हणाले. "म्या एकटाच नासका."

बाईंनी सदरा काढायला लावला आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ." दोन्ही खांद्यांवर, कमरेवर ओरखडेच ओरखडे होते. पण पाठीच्या मध्यावर, जिथं स्वतःचा हात पोहोचत नाही तिथं, कातडी कोरडी होती पण अखंड होती.

"आजार कातडीचा असता तर इथंही दिसला असता. हे सगळं खाजवून झालंय. ही खरूज नाही."

मग प्रश्न. लघवी गडद होते का, शौचाला पांढरट होते का, डोळे पिवळे झाले होते का? कावीळ दिसायच्या आधीही लिव्हरच्या आजारात खाज सुटते, त्या म्हणाल्या. थंडी जास्त वाजते का, वजन वाढलं की घटलं? ते थायरॉइडसाठी. पायाला सूज? भूक? शेवटी विचारलं, "गोळ्या कोणत्या घेता?"

"गुडघ्याच्या. मेडिकलवाला देतो. त्याबिगर म्हशीखाली बसवत न्हाई. लई वर्सं झाली."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी. पुढच्या खेपेला कळलं: लिव्हर ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक. मूत्रपिंडं लहान झाली होती, आणि जी घाण त्यांनी बाहेर टाकायची ती रक्तात साठत होती. त्या गोळ्यांनी बरंच नुकसान केलं असावं, आणि या वयात कातडी तशीही कोरडी होते, त्यात कढत पाणी आणि धुण्याचा साबण. बाईंनी गुडघ्याच्या गोळ्या कायमच्या बंद केल्या. कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ, आणि अंग ओलं असतानाच जाड मलम. एक छोटी गोळी झोपताना. किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "खाज कमी होईल. पूर्ण जाईल असं मी सांगत नाही."

आबांनी विचारलं ते वेगळंच. "दुसऱ्याला लागत न्हाई ना हे?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग दूध काढू का?"

"काढा की."

आबा बसमध्ये पहिल्यांदा हसले.

सचिवाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमाला काय म्हाईत?" आणि उद्यापासून दूध आणायला सांगितलं. माफी नाही, काही नाही. गोचिडीच्या औषधाचं तर नावही काढलं नाही. मागे उभे असलेले आता दुसऱ्याच कुणाला तरी हसत होते.

मलमानं महिन्याभरात आबांची कातडी मऊ झाली, खाज निम्म्यावर आली. पण गोळ्या सुटल्या आणि गुडघे धरले. एका पहाटे किटली घेऊन ते म्हशीजवळ गेले, खांब धरून खाली वाकले, आणि अर्ध्यातच थांबले. बसता येईना. आता मनाई कुणाचीच नव्हती. मी पाट आणला, तो ठेंगणा पडला. बाज आणली, ती पायाशी येताच म्हैस बिथरली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

त्यांनी किटली माझ्या हातात दिली, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि मला खाली बसायला सांगितलं. "अंगठा आत नको घेऊस. मुठीनं वड. भिऊ नको, हाय मी हितं."

बराच वेळ काहीच आलं नाही.