पंधरा दिवसांच्या आत

कॉलेजात असताना गोंदियातल्या एका बिडी कंपनीच्या हेड ऑफिसात सकाळचे तीन तास मी बिलं तपासायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे मला सगळं येत असणार असं ऑफिसात धरून चालत. मला फारसं काही येत नव्हतं. मुनीमजींनी एक लाल पेन्सिल दिली होती आणि सांगितलं होतं, "जो नहीं दिखता, उस पर गोल मारो." नोंदणी नंबर नाही, गोल. माप नाही, गोल. गोल मारलेलं बिल लाकडी पेटीत जायचं. ते परत पाठवायची पद्धत नव्हती. ज्याचं बिल असेल त्यानं येऊन विचारायचं.

पेंटरचं बिल दसऱ्याच्या आसपास आलं. नागरा गावचा, पन्नाशीचा माणूस. आमच्या बिडीच्या जाहिराती तो गावोगावच्या भिंतींवर रंगवायचा. बिल वहीच्या कागदावर होतं, पण अक्षर इतकं देखणं की मी ते आधी नुसतं बघत बसलो. 'भिंती, पत्रे व इतर काम मिळून रुपये १३८. टॅक्स रुपये ४.' आणि खाली, वेलबुट्टी काढून: 'सेठजींच्या सवडीने पैसे मिळावेत ही नम्र विनंती.'

मी तीन गोल मारले आणि बिल पेटीत टाकलं. सवडीच्या ओळीवर मारला नाही. ती मला चूकच वाटली नव्हती. मोठ्या माणसाला लिहिताना आमच्या गावातही असंच लिहीत.

दिवाळी झाली आणि तो तिसऱ्यांदा आला. आधीच्या दोन्ही वेळा शिपायानं त्याला बाहेरूनच "देखेंगे" म्हणून घालवलं होतं. या वेळी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाबू, माहा कागद हरपला का?"

"नाही मामाजी. पेटीत आहे."

"पेटीत कायले ठेवले? अंडे देऊन रायला का तो?"

शेजारचा टायपिस्ट हसला. मी हसलो नाही, कारण उत्तर देणं माझ्यावर होतं. पेंटर पुढे सांगू लागला. बारा दिवसांनी त्याच्या शेजारच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. रात्री दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं नाच-गाण्याचं नाटक व्हायचं होतं आणि त्याच्या दोन पडद्यांचं काम त्यानं घेतलं होतं, एक महालाचा आणि एक जंगलाचा. कापड गावानं दिलं होतं. रंगवाला मात्र मागची उधारी फेडल्याशिवाय रंगाची पुडी द्यायला तयार नव्हता. "दोन साल झाले, मंडईचे पडदे दुसऱ्याच्या हातात गेले. यंदा कसे तरी भेटले. हे गेले तर मंग मले कोण बोलावते?"

मी पेटीतून बिल काढलं आणि त्याला घेऊन ओसरीवर बसलो. लाल गोल दाखवताना मला लाज वाटत होती.

"टॅक्स कशाचा लावला?"

"रंगवाल्याच्या बिलावर रायते. म्हणून मी बी लावलो."

"त्याच्याकडे विक्रीकराचा नोंदणी नंबर आहे. तुमच्याकडे नाही. नंबर नसेल तर गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही. रंगावर तुम्ही भरला तो तुमच्या भावातच धरायचा."

"म्हंजे चार रुपये गेले."

"गेले."

त्यानं मान हलवली. मग 'इतर काम' निघालं. विचारत विचारत सगळं बाहेर आलं. कंपनीच्या ठरलेल्या मापाच्या पाच भिंती, बारा फूट बाय आठ. सौंदड, आमगाव आणि आणखी तीन ठिकाणी. एकूण चारशे ऐंशी चौरस फूट, फुटाला पंचवीस नवे पैसे, म्हणजे एकशेवीस रुपये. सहा पत्रे तीन रुपयांप्रमाणे, अठरा. बेरीज बरोबर एकशेअडतीस. त्यानं पैशाचीही लबाडी केली नव्हती. फक्त हिशेब कुणाला दिसेल असा लिहिला नव्हता. प्रत्येक गावच्या, कंपनीचा माल ठेवणाऱ्या डेपोवाल्यानं काम पाहून सही केलेल्या चिठ्ठ्याही त्याच्या पिशवीत होत्या. त्या बिलाला जोडायच्या असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नवं बिल मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. शेवटच्या ओळीशी त्याचा हात थांबला. ऑफिसात महिनाभर बसून मला तोवर कळलं होतं की तारखेची बिलं पैसे द्यायची म्हणून मुनीमजींच्या खिळ्यावर जातात आणि सवडीची पेटीत राहतात.

"इथं दिवस लिहा मामाजी. आठ दिवसांत पैसे मिळावेत."

"मी सेठले दिवस सांगू? सावकार आहो का मी?"

"सगळे लिहितात."

"सगळे नंबरवाले आहेत. मी भिंती रंगवून रायलो. उद्या म्हणतील, पेंटर लय शिकला."

मी जोर केला नाही. जोर करायची मला सवय नव्हती. आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात पंधरा दिवसांची मुदत नेहमीची म्हणून दिली होती. तेवढी उद्धट वाटत नाही, असं मी म्हणालो.

"पण मंडई बाराव्या दिवशी हाये."

"'आत' लिहू ना. पंधरा दिवसांच्या आत. बिल आता स्वच्छ आहे, या शनिवारीच पैसे निघतील."

हे मी त्याला अगदी खात्रीनं सांगितलं. त्यानं लिहिलं. या वेळी वेलबुट्टी काढली नाही.

मुनीमजींनी बिल वाचलं, चिठ्ठ्या मोजल्या आणि म्हणाले, "अब ठीक है." खिळ्यावर लावण्याआधी त्यांनी कोपऱ्यात निळ्या शाईनं एक तारीख घातली. मी मोजली. पंधरावा दिवस.

शनिवारी मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. "मुनीमजी, पेंटरचं बिल आज निघेल का? त्याला गरज आहे."

"गरज किसको नहीं है? पंद्रह लिखा है ना?"

"पंधराच्या आत लिहिलंय."

"पंद्रहवां दिन भी अंदर ही है, बेटा." ते रागावले नव्हते. दिवसभर अशीच बिलं बघून दमलेला माणूस बोलतो तसं बोलले. मी टेबलाशी परत गेलो.

पंधराव्या दिवशी पेंटर आला. रोखपालानं नोटा मोजल्या, पावतीवर दहा नव्या पैशांचं तिकीट लावलं आणि पेंटरनं तिकिटावरून त्याच देखण्या अक्षरात सही केली. मी त्याच्यामागे ओसरीवर गेलो.

"पडदे?"

"महाल झाला. घरचा गेरू, चुना, काजळ. लाल महाल, काळ्या खिडक्या. बरा दिसला." त्यानं नोटा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या. "जंगलाले हिरवा कुठून आणू? कापड तसंच टांगलं. बिना जंगलाची दंडार झाली. लोक हासले. गावानं अर्धेच पैसे देलन."

"माझंच चुकलं मामाजी. मी आठच लिहायला लावायला हवे होते."

"आठले तं मीच नाही म्हटलो ना." मग सायकलचं हँडल धरत म्हणाला, "चाललो. रंगवाला दुकान बंद करते."

"आता रंग कशाला? मंडई तर झाली."

"कापड गावाचं हाये बाबू. अर्धे पैसे घेतलो, तं जंगल कराच लागते."

तो बाजाराच्या दिशेनं निघून गेला. मी आत येऊन बसलो. कॉलेजला जायला अजून तास होता आणि टेबलावर बिलांचा नवा गठ्ठा आला होता.