पाहुणे गरजेत धरायचे की नाही

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आई म्हणायची, हिला सासर मिळालं तर सासूला पळून जावं लागेल. सासर काही मिळालं नाही, पण गोंदियातल्या राइस मिलवाल्यांना माझी जीभ बरीच वर्षं सोसावी लागली. सकाळी मी शिवणक्लास घ्यायचे आणि दुपारनंतर मिलमध्ये राबणाऱ्या बायकांच्या युनियनचं काम बघायचे. त्या कामाचा पगार नव्हता आणि वर सगळ्यांची बोलणी खायची. ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची.

आमच्या बायका एका मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या कामावर होत्या. धान उकडून निघालं की ते सिमेंटच्या अंगणात पसरायचं, उन्हात पायांनी खालीवर करायचं, गोळा करायचं. त्यांना सरकारी किमान वेतन मिळायचं, अगदी बरोबर. त्यामुळे शेठला कुठं धरावं ते सुचत नव्हतं. मी तोंड उघडलं की तो शांतपणे हिंदीत म्हणायचा, ‘दीदी, सरकारी रेट से एक पैसा कम नहीं देते. और क्या चाहिए?’ माणूस वाईट नव्हता. पण त्या शांतपणाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काय पाहिजे ते मला नागपूरच्या एका म्हाताऱ्या कामगार पुढाऱ्याने नीट समजावून सांगितलं होतं. किमान वेतन म्हणजे त्याखाली गेलात तर गुन्हा, एवढाच त्याचा अर्थ. सरकार एकदा मूळ दर ठरवतं, मग महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी भत्ता हलतो, आणि मूळ दर मात्र वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. निर्वाह वेतन निराळं. ते माणसापासून सुरू होतं. एका कुटुंबाला बऱ्या रीतीने जगायला महिन्याला काय काय लागतं ते सगळं एका टोपलीत घातल्यासारखं मांडायचं: पोटभर आणि धड अन्न, डोक्यावर छप्पर, अंगावर कपडा, सरपण, दिवाबत्ती, शाळा, औषध, येणंजाणं, आणि अडीअडचणीला थोडी शिल्लक. बाजारात फिरून त्याची किंमत काढायची आणि घरात कमावणारे हात किती, त्याने भागायचं. येईल ते निर्वाह वेतन.

मांडणीचे जुने नियम होते. नवरा, बायको, दोन मुलं. पुरुषाचं खाणं एक धरायचं, मुलाचं त्याच्या सहा दशांश आणि बाईचं आठ दशांश. हे ऐकून मी त्या म्हाताऱ्यावरच उखडले. दिवसभर उन्हात धान तुडवणारी बाई कमी खाते, हे कोणी ठरवलं? तो हसला. म्हणाला, भांडायला पुढे खूप जागा आहे, आधी हिशेब तर कर.

म्हणून मी घरोघर फिरले. आणि पहिल्याच फेरीत आमच्या बायकांनी घोळ घातला. फुलचूरच्या पुढच्या एका गावात आमची एक बाई राहायची, मिलमधली सगळ्यांत जुनी. तिच्या घरी गेले तर आधी पाट, पाणी, चहा. मग मी विचारलं, घरखर्च कसा चालतो? ‘भागते जी ताई,’ ती म्हणाली. दाळ? खातो ना जी. दूध? आहे ना जी. दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. दारी आलेल्या माणसापुढे आपल्या घरातलं उणं बोलायचं नाही, ही आमच्या झाडीपट्टीची रीत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं म्हणतात, त्यातला प्रकार. वर सरपण जंगलातलं, भाजी बांधावरची, मासळी तळ्यातली. त्याला काय पैसे पडतात, म्हणून ते कोणी सांगितलंच नाही.

असा तो हिशेब घेऊन मी शेठच्या ऑफिसात गेले. तिथं मुनीमजी बसायचे. गोंदिया जिल्ह्यातलेच, धोतर स्वच्छ, हिशेबाला पक्के. त्यांनी आकड्यांची बेरीज केली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाले, ताई, तुमच्याच आकड्यांप्रमाणे आमच्या पगारात भागून राहिलं आहे. मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाहेर येऊन बायकांवर इतकी ओरडले की पलीकडच्या मिलचा चौकीदार बघायला आला. पण ओरडून झाल्यावर डोकं ताळ्यावर आलं. भागणारच की. हातात जेवढं पडतं तेवढंच माणूस खर्च करतो. उद्या पगार निम्मा केला तरी खर्चाची बेरीज त्या निम्म्या पगाराएवढीच येईल, फक्त मधल्या मधे दाळ पातळ होईल. विचारायचं होतं ते खर्च किती करता हे नव्हे, लागतं किती हे.

दुसऱ्या फेरीला मी कोणाच्या घरी गेलेच नाही. सगळ्यांना शिवणक्लासात बोलावलं. तिथं कोणी यजमान नाही, कोणी पाहुणा नाही. तिथं त्या बोलल्या. तुरीची दाळ म्हणजे सणाची, एरवी हलकी लाखोरीची. दिवसभर चांगल्या तांदळात उभं राहून घरी शिजते ती मिलमधून स्वस्तात मिळणारी कणी. दूध चहापुरतं. टोपलीत आम्ही अख्खा तांदूळ धरला, तुरीची दाळ धरली, मुलांना दूध-अंडी धरली, वर्षाचे कपडे धरले, जंगलातल्या सरपणालाही बाजारभाव लावला. त्या जुन्या बाईने सगळ्यांत शेवटी हळूच विचारलं, ‘ताई, मंडईचे पाहुणे यात धराचे का?’

मंडई म्हणजे काय ते सांगायला हवं. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, एकेका गावाचा दिवस ठरलेला. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घरोघर पाहुणे. बोलावणं लागत नाही. आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जात नाही. पोरापोरींची लग्नंही इथंच जुळतात. ज्याच्या घरात जेवू घालायची सोय नसते तो त्या दिवशी दाराला कुलूप लावून सासुरवाडीला निघून जातो. आलेला पाहुणा कुलूप बघतो आणि शेजारच्या घरी शिरतो. कोणी काही बोलत नाही, पण सगळ्या गावाला कळतं.

त्या बाईच्या दाराला लागोपाठ दोन मंडया कुलूप लागलं होतं. नवऱ्याला धानाच्या हंगामात काम, एरवी हात रिकामे. आणि पोरगी लग्नाची झाली होती. दवनीवाड्याकडच्या एका घराने निरोप धाडला होता, यंदा मंडईला येतो, पोरगी बघतो. तिसऱ्यांदा कुलूप दिसलं असतं तर ते पुन्हा आलेच नसते. एवढंच तिचं म्हणणं होतं. तिला यंदा दार उघडं ठेवायचं होतं. मी पाहुणे टोपलीत धरले.

दसऱ्याच्या आधी शेठसमोर बैठक झाली. या वेळी मी त्या बाईला आणि आणखी दोघींना सोबत नेलं. मुनीमजींनी एकेक बाब घासून बघितली. तांदळाच्या जागी कणी लिहा म्हणाले. मी म्हटलं, शेठच्या घरी कणी शिजायला लागली की लिहू. शेठला हसू आलं आणि तांदूळ राहिला. मग मुनीमजी भागाकारावर आले. नवरा-बायको दोघं कमावतात, दोनने भागा. मी म्हटलं, नवऱ्याला बारा महिने काम द्या, आजच दोनने भागते. अर्धं वर्ष काम असलेल्या माणसाचा अर्धा हात धरतात. तेव्हा दीडने भागायचं ठरलं. मला वाटलं, जिंकलो आपण.

तेवढ्यात त्यांचं बोट पाहुण्यांवर आलं. ‘हे काढा ताई. पाहुणे ही गरज नाही, हौस आहे.’

मी सांगितलं की किमान वेतनातसुद्धा शिक्षण, औषधपाणी, सण-समारंभ, लग्नकार्य आणि म्हातारपण यांचा पाव हिस्सा धरला पाहिजे असं देशाच्या मोठ्या कोर्टाने म्हटलं आहे. निर्वाह वेतनात मग तो नको? मुनीमजी म्हणाले, कोर्टाने मंडई म्हटलेलं नाही. माझा आवाज चढला. शेठ घड्याळ बघायला लागला. आता हा उठणार आणि सगळं मुसळ केरात, हे मला दिसत होतं आणि तरी जीभ थांबत नव्हती. तेव्हा ती बाई बोलली, खाली बघत, सावकाश.

‘मुनीमजी, पोटाले तं ढोरंबी खातेत. दाराले कुलूप लावून रायलो तं माह्या पोरीले पाहाले कोन येईन जी?’

मुनीमजींनी चष्मा काढून पुसला. शेठने त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाला, ‘रहने दो, मुनीमजी.’ पाहुणे राहिले.

निर्वाह वेतन मात्र मिळालं नाही, हे सरळ सांगते. पुढे मी किती भाषणं ऐकली, पण पुरतं निर्वाह वेतन गोंदियातल्या कुठल्या मिलमध्ये मी बघितलं नाही. किमान वेतन आणि आमचा हिशेब यांच्यात जो फरक आला, त्यातला निम्मा या महिन्यापासून, उरलेल्याचं पुढल्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढलं वर्ष शेठलोकांच्या पंचांगात लवकर येत नाही. मला राग आला होता, पण बायका खूश होत्या, म्हणून गप्प बसले.

मंडईच्या दिवशी मी त्या गावी गेले. खरं सांगायचं तर धास्तीच होती. निम्म्या फरकात दार उघडं राहील की नाही, कोण जाणे. गल्लीत वळले तर कोपऱ्यावरच्या घराला कुलूप. मला वाटलं, हरलो आपण. पण ते शेजारचं घर होतं. तिचं दार सताड उघडं, अंगण सारवलेलं, दवनीवाड्याकडची माणसं पंगतीला बसलेली आणि पोरगी खाली मान घालून वाढत होती. पानात भात होता, अख्ख्या तांदळाचा. मला तिथंच भरून आलं. मी लुगड्याच्या पदराने डोळे पुसले आणि कोणी बघायच्या आत चुलीच्या धुराला दोष दिला.

मला पान वाढलं, एवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं. स्वच्छ धोतर. मुनीमजी. कोपऱ्यावरचं ते कुलूप लावलेलं घर त्यांच्या साडूचं होतं. साडू दुसऱ्या मिलमध्ये हमाली करायचा, सरकारी रेटने. मुनीमजी तिथं मंडईला आले होते, कुलूप बघितलं आणि रीतीप्रमाणे शेजारच्या उघड्या दारात आले. आत मला आणि त्या बाईला बघून त्यांचा पाय उंबऱ्यावरच अडला.

माझ्या जिभेवर काय काय आलं ते इथं लिहीत नाही. पण मला बोलायला मिळालंच नाही. ती बाई हातातलं भाताचं भांडं घेऊन पुढे झाली, तिने पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला.

‘या जी मुनीमजी, बसा,’ ती म्हणाली. ‘तुमचं पान धरलं होतं हिशेबात.’

मुनीमजी बसले.