झाली भाकर

बीडमध्ये माझं लेबलं आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे. बरीच वर्षं पोटापाण्याचं काम म्हणजे पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स. त्यांवर काय लिहावं याला धरबंध नसतो. 'विकासाचा महामेरू' लिहिलं तर पुरावा काय म्हणून कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारला नाही. ती सवय अंगात किती मुरली होती ते मला शिरूर कासारच्या बायकांच्या भाकरीनं दाखवलं.

त्या बायकांचा गट कडक भाकरी करतो. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. गटातल्या निम्म्याअधिक बायका पूर्वी दरवर्षी ऊसतोडीला जायच्या. गटाच्या प्रमुख बाई वयानं माझ्या आईच्या बरोबरीच्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणते. परळीच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की माल चांगला आहे, पण साध्या पिशवीतला माल मी दुकानात लावणार नाही, नाव आणि नावाखाली एक चांगली ओळ छापून आणा. त्या ओळीसाठी मावशी माझ्याकडे आल्या.

मी आठ दिवसांत वीसेक ओळी लिहिल्या आणि त्यातल्या पाच ठेवल्या. एका मोठ्या कागदावर त्या एकाखाली एक लिहिल्या आणि पुढे चार रकाने आखले: कळते का, दावा खरा का, तोंडात बसते का, कायद्यात अडकते का. प्रत्येकाला पाचपैकी गुण. शेवटच्या रकान्यासाठी माझ्याच गल्लीतल्या वकीलबाईंना बोलावलं. अन्नपदार्थांचे परवाने आणि ट्रेडमार्क हेच त्यांचं काम, आणि चहात साखर कमी पडली तरी कलम सांगतील असा त्यांचा स्वभाव.

पहिली ओळ होती 'मराठवाड्याची नंबर एक कडक भाकरी'. वकीलबाईंनी विचारलं, "नंबर कुणी दिला?" ओळ तिथेच गेली.

दुसरी मावशींची लाडकी. 'साखर रोखते, ताकद राखते'. व्यापाऱ्यानंच सुचवलेली, आणि म्हणायला इतकी सोपी की माझ्याही तोंडातून दिवसभर जाईना. वकीलबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "भाकरीनं आजार आटोक्यात येतो असं सुचवायला कायद्यानं बंदी आहे. हे छापलंत तर माल जप्त होईल, दंड होईल आणि परवान्यावरही येईल." मी शेजारच्या चहावाल्याला बोलावून ती ओळ नुसती वाचून दाखवली आणि काय विकत असतील विचारलं. तो म्हणाला, "चूर्ण असंल." म्हणजे कायद्यात अडकणारी ओळ कळतही नव्हती. मावशी मात्र नाराज झाल्या.

तिसरी, 'आईच्या हाताची चव'. ही कळते सगळ्यांना, पण तिच्यातून भाकरी, लोणचं, मसाला काहीही विकता येतं. शिवाय वकीलबाईंनी ट्रेडमार्कच्या नोंदी पाहिल्या, तर जवळजवळ अशीच ओळ एका मसालेवाल्यानं नोंदवून ठेवलेली. चौथी, 'फक्त तीन जिन्नस असलेली शुद्ध पौष्टिक भाकरी'. दावा बराचसा खरा, पण वाचताना दम लागतो. वकीलबाईंनी 'शुद्ध' आणि 'पौष्टिक' या दोन्ही शब्दांखाली रेघा मारल्या. या शब्दांना नियमात अटी आहेत, त्या पाळल्याचं दाखवता येत नसेल तर वापरू नका, असं त्यांचं म्हणणं.

पाचवी माझी. सगळ्याच माझ्या होत्या म्हणा, पण ही पोटची. 'हातानं थापली, मंद आचेवर वाळली'. मी ती दहादा मोठ्यानं म्हटली, कुठेही जीभ अडली नाही. चहावाल्याला लगेच कळलं. वकीलबाई म्हणाल्या, "खरं असेल तर मला हरकत नाही." मी चारही रकान्यांत पाच-पाच गुण टाकले. वीसपैकी वीस. दाव्याच्या रकान्यात पाच लिहिताना मी मावशींना एक अक्षर विचारलं नाही. भाकरी हातानंच थापतात, त्यात विचारायचं काय असं मला वाटलं.

मावशी तोवर गावी परतल्या होत्या. मी फोनवर ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "लई भारी हाय. करते मी समदं बरोबर." काय बरोबर करणार होत्या ते मी तेव्हाही विचारलं नाही.

तीन दिवसांनी मी फोटो काढायला शिरूर कासारला गेले. पत्र्याच्या लांब शेडमध्ये सात बायका ओळीनं थापायला बसल्या होत्या, नवी पातळं नेसून. कोपऱ्यात पोत्यानं झाकलेलं काहीतरी उभं होतं. फोटोत ते वाईट दिसत होतं म्हणून मी पोतं ओढलं, तर खाली भाकरी दाबायची प्रेस.

"ही कुणाची?"

"आपलीच हाय. आता बंद केली," मावशी म्हणाल्या.

"का?"

"तुमच्या वळीसाठी. हातानं थापली म्हनलं तर प्रेस कशी चालंल? सोमवारपासून प्रेसवालीला घरी बसवलं."

प्रेस एकच बाई चालवायची. ऊस तोडताना कोयता लागून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तिला थापता येत नव्हतं, म्हणून गटानंच दोन वर्षांपूर्वी ती प्रेस घेतली होती. सात जणी थापायच्या आणि ती दाबायची. आता मी लिहिलेल्या पाच शब्दांत तिला जागा नव्हती. मावशींनी काही लपवलं नव्हतं. छापील ओळ खरी करायची तर एवढं करावंच लागतं असा त्यांचा सरळ हिशेब होता. मला मावशींचा राग आला, आणि तो त्यांच्यावरचा नव्हता हे कळायला दोन मिनिटं लागली. मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि तिच्या घराचा रस्ता विचारला.

ती दारात शेळीला पाला टाकत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी पाणी दिलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "त्यात काय हो ताई. खोटं छापू न्हाईच. मावशीचं बरोबर हाय."

"मग आता तुम्ही काय करणार?"

"दसऱ्यानंतर टोळीसंगं जाईन. कोयता न्हाई धरता येत, पन मोळ्या वाहता येत्यात डोक्यावर."

हे तिनं बाजाराला जाऊन येते म्हणावं तितक्या सहज सांगितलं. मला बसवेना. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, प्रेसवरची भाकरी करता कशी? चवीत फरक पडतो का?

ती हसली. "फरक कशाचा? ज्वारी, मीठ, पानी. झाली भाकर. त्यात काय सांगायचंय?"

परतीच्या एसटीत मी तेच पुटपुटत होते. बीड येईपर्यंत वीसेकदा म्हटलं असेल. शेजारच्या आजीबाई संशयानं बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना आणि वकीलबाईंना दुकानात बोलावलं. भिंतीवरच्या कागदावर माझ्या ओळीपुढचा दाव्याचा पाच खोडला आणि तिथे शून्य लिहिलं. खाली सहावी ओळ लिहिली: 'ज्वारी, मीठ, पाणी. झाली भाकर.'

वकीलबाई न्यायानं बोलल्या. "प्रेस खरोखर बंद ठेवली तर तुमची पाचवी ओळही कायद्यात बसते. अडचण नाही."

"तेच म्हनते मी," मावशी म्हणाल्या. "लोकाला हातच पायजे. ती वळ ऐकून व्यापारी बी खुश झाला. एकीपायी सातजणींचं नुकसान कावून करायचं?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मावशींच्या डोक्यावर सगळा गट होता. पण मीही हट्टाला पेटले होते. मी विचारलं, "दिवाळीत ऑर्डर वाढली तर सात जणी पुरतील?"

मावशी बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या.

"नाही पुरल्या तर पोतं काढाल, प्रेस सुरू कराल. त्या दिवशी प्रत्येक पुडक्यावर खोटं छापलेलं असेल. आज खरी करून घ्यावी लागते ती ओळ नको. गडबडीच्या दिवशीही जी खरी राहते, ती घ्या."

वकीलबाईंनी मग सहाव्या ओळीची उलटतपासणी घेतली. पीठ थापताना वरून काय लावता? ज्वारीचंच पीठ. तव्याला तेल? नाही. दुसरं काही? मावशी जरा घुटमळून म्हणाल्या, थोड्या पुडक्यांत तीळ असतात. तर त्या पुडक्यांना ही ओळ लावायची नाही, वेगळं लेबल करायचं. मागच्या बाजूला घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं यायला हवी, समोरच्या ओळीत क्रम बदलला तरी चालेल. कुणाची अशी नोंदवलेली ओळ सापडली नाही. कळण्यासाठी पुन्हा चहावाला. त्यानं वाचलं आणि विचारलं, "कितीला हाय पुडकं?" मी त्याला मनातल्या मनात पाचाचे सहा गुण दिले.

"आन् तोंडात बसती का?" मावशींनी विचारलं.

"तुम्हीच म्हणा."

त्यांनी एकदा म्हटलं, मग मान हलवत दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना 'झाली भाकर'ला त्यांच्या हातानं आपोआप भाकरी उलटल्यासारखं केलं. "व्यापाऱ्याशी मी बोलते," एवढंच म्हणून त्या उठल्या. व्यापाऱ्यानं तोंड वाकडं केलं आणि पहिली खेप निम्मीच घेतली. मावशींनी मला त्याबद्दल दोन गोष्टी ऐकवल्या, त्या मी ऐकून घेतल्या.

छापून आलेली लेबलं मी स्वतः घेऊन गेले. पोतं दुमडून कोपऱ्यात ठेवलेलं होतं आणि ती बाई प्रेस चालवत होती. ती ओळ कुणाच्या तोंडची हे मी तिला सांगितलं. तिनं त्याला फारशी किंमत दिली नाही, असं तर कुणीबी म्हनतं, म्हणाली. मग हात पदराला पुसून तिनं एक लेबल घेतलं आणि प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवत वाचलं. वाचून झाल्यावर ते उलटं करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटं केलं.

"ताई, मी दाबलेल्या भाकरीच्या पुडक्याला बी हेच लावायचं?"

"हेच."

"आन् त्यांच्या?" तिनं थापणाऱ्या बायकांकडे मान वळवली.

"त्यांच्याही."

तिनं लेबल गठ्ठ्यावर परत ठेवलं, कडा जुळवल्या आणि मावशींना हाक मारली. दसऱ्यानंतर जाणाऱ्या टोळीतून माझं नाव काढायला मुकादमाला आजच निरोप धाडा, म्हणाली.